गंभीर काही विचारलं की तो विनोद करतो. याचा अर्थ काय घ्यायचा?

मुक्ता_नौपाडा | सोमवार, रात्री १०:५०

मी इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहिलं फारसं नाही. आज लिहितेय कारण मैत्रिणींना सांगून झालं आणि सगळ्या त्याच्याच बाजूने बोलतात. तो सगळ्यांना आवडतो, हे त्याचं कारण.

आमचं चार वर्षांपासून जमलंय. मी नौपाड्यात राहते, तो कोपरखैरण्याला. मी एकतीस, तो तेहतीस. दोन्ही घरांत माहीत आहे, विरोध कुणाचाच नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून घरी मी आणि आई. आईला मधुमेह आहे, गुडघे दुखतात, आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. माझा प्रश्न एवढाच आहे की लग्नानंतर आपण राहायचं कुठे आणि आईचं काय करायचं.

वर्षभर मी हे विचारतेय. त्याची उत्तरं ऐका. "घर कुठे घ्यायचं?" "दिघा गावला. दोन्ही आयांना सारखंच अंतर, आणि गाडीत बसायला जागा." "आई एकटी कशी राहील?" "त्यांना ट्रान्स-हार्बरचा फर्स्ट क्लासचा पास काढून देऊ, रोज येऊन जाऊन राहतील." "बरं, लग्न कधी करायचं?" "मेट्रोचं काम संपलं की लगेच." हा शेवटचा विनोद त्याने मित्राच्या लग्नात सगळ्यांसमोर केला. अख्खं टेबल हसलं.

मीही हसते. खरंच हसू येतं, तो तसा आहे म्हणूनच तर आवडला होता. परतीच्या गाडीत ऐरोली येईपर्यंत ते हसू टिकतं. दिघा गाव गेलं की लक्षात येतं, उत्तर मिळालंच नाही.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. बाबा आयसीयूत होते तेव्हा तो नऊ रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपला. सकाळी तिथूनच महाप्याला ऑफिसला जायचा. त्यामुळे 'बेजबाबदार आहे' असं मला म्हणता येत नाही. मग हे काय आहे? स्वभाव म्हणून सोडून द्यायचं, की त्याला उत्तर द्यायचंच नाही असं समजायचं?

बाळकुमचे_काका | सोमवार, रात्री ११:१५

मुली, हसवणारा नवरा मिळायला भाग्य लागतं. आमचा चौतीस वर्षांचा संसार निव्वळ थट्टामस्करीवर चाललाय. कपाळाला आठ्या घालून बसणारा मिळाला असता तर काय केलं असतंस? उगाच खोलात जाऊ नकोस. आणि दिघ्याचा विनोद उत्तम आहे हो, हिला वाचून दाखवला.

अनघा_व | सोमवार, रात्री ११:३२

काका, तो विनोदी आहे ही तिची तक्रार नाहीये. ती आईबद्दल विचारतेय आणि तिला पास मिळतोय.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:०५

मुक्ता, माझं स्पष्ट मत सांगते. सात वर्षं मी अशा माणसाबरोबर काढली. माझ्या वजनावर, माझ्या पगारावर, माझ्या माहेरच्या बोलण्यावर, सगळ्यावर विनोद, आणि तेही चारचौघांत. घरी आल्यावर वाईट वाटलं म्हटलं की ठरलेलं उत्तर, "तुला विनोदच कळत नाही." म्हणजे लागलंय मला आणि चूकही माझीच. शेवटी शेवटी पाहुणे येणार म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

विनोद करून टाळणारा माणूस उत्तर देऊन मोकळा झालेला असतो. तुला ते ऐकू येत नाहीये इतकंच. चार वर्षं पुरे झाली, सोड.

मुक्ता_नौपाडा | मंगळवार, सकाळी ८:२०

रानजाई, वाचून फार वाईट वाटलं. पण त्याचे विनोद माझ्यावर नसतात. माझ्या रूपावर किंवा आईवर तो कधीच बोलत नाही. फक्त त्या मेट्रोच्या विनोदाला मला टेबलाखाली जावंसं वाटलं, कारण सगळे हसताना माझ्याकडे बघत होते. हे त्याला मी सांगितलं नाही अजून.

तन्मय_घणसोली | मंगळवार, सकाळी १०:४५

यात गूढ काही नाही. हे लोक 'अव्हॉयडंट' असतात. लहानपणी आईवडिलांकडून जवळीक मिळत नाही, मग मोठेपणी कुणी जवळ आलं की ते लांब पळतात, कुणी कामात, कुणी फोनमध्ये आणि तुमचा हा विनोदात. मी यावर बरंच वाचलंय. ही माणसं बदलत नाहीत. तुम्ही जितकं मागे लागाल तितका तो पळेल, हे लिहून ठेवा.

वसुधा_नेरूळ | मंगळवार, दुपारी ३:१०

मी अठरा वर्षं जोडप्यांचं समुपदेशन केलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहिते.

तन्मय, मागे लागलं की समोरचा पळतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आमच्या खोलीत हे रोज दिसायचं. ज्याला काही बदल हवा असतो तो मागे लागतो आणि ज्याला आहे तेच चालणार असतं तो मागे सरकतो. विषय बदलला की तीच दोन माणसं जागा बदलतात. घराच्या प्रश्नावर पळणारा नवरा सुट्टीत गावी जायचा विषय निघाला की स्वतः मागे लागतो आणि बायको पळते. म्हणूनच माणसाला एक शिक्का मारून काम भागत नाही. नऊ रात्री बाकड्यावर झोपणारा माणूस जवळीक नको म्हणून पळतोय हे मला पटत नाही.

आता विनोदाबद्दल. अमेरिकेत जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी जोडप्यांना खोलीत बसवून, त्यांच्यातल्या वादाच्या विषयावरच बोलायला लावून, वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. टिकलेल्या जोडप्यांतही भांडणं होतीच. पण भांडण तापलं की मधे कुणीतरी काहीतरी करायचं, कधी हात धरायचं, कधी चक्क विनोद करायचं, आणि समोरचा तो हात झिडकारत नसे. अशा विनोदाने बोलणं थांबत नाही. उलट ते पुढे नेता येईल इतपत हवा थंड होते. तेव्हा काकांचं अर्धं खरं आहे, विनोद संसाराला लागतोच.

मग ओळखायचं कसं? विनोदाकडे बघू नका, तो चांगला की वाईट हेही सोडा. विनोदानंतरच्या पाच मिनिटांकडे बघा. हसून झाल्यावर विषय परत हातात घेतला जातो की जमिनीवर पडून राहतो? आणि घेतला तर कुणी घेतला?

एक जोडपं आठवतं, सानपाड्याचं. ती म्हणे हा कशातच गंभीर नाही. आम्ही दोन आठवडे फक्त हेच बघितलं. मुलीच्या शाळेवर विनोद करून तो तासाभरात स्वतः परत यायचा, "ते तू फीचं म्हणत होतीस..." असं म्हणत. एका विषयावर मात्र कधीच आला नाही, तो म्हणजे त्याची नोकरी. पुढे कळलं की त्याला तीन महिन्यांपूर्वी राजीनामा द्यायला सांगितलं होतं आणि तो रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता.

मुक्ता, तुम्ही एवढंच करा. दोन-तीन आठवडे, प्रत्येक वेळी विषय काय होता आणि तो परत आला का, एवढंच लिहून ठेवा. त्याला काही म्हणू नका. आणि रानजाई, तुमच्यावर झालं ते वेगळं. दुसऱ्याला लहान करणारी थट्टा ही टाळाटाळ नसते, तो मारच असतो. त्याला पाच मिनिटं द्यायची गरज नाही. तुम्ही बाहेर पडलात ते योग्यच केलंत.

रानजाई | मंगळवार, दुपारी ४:००

धन्यवाद ताई. पण लिहून ठेवा, बघत राहा, यातच बाईची वर्षं जातात. त्याचं काम तिने का करायचं?

वसुधा_नेरूळ | मंगळवार, दुपारी ४:२५

प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तीन आठवडे म्हटलं, तीन वर्षं नाही.

केदार_ऐरोली | मंगळवार, रात्री ११:५५

मी तो माणूस आहे. म्हणजे मुक्ताचा नाही, पण तसाच. लग्नाला सहा वर्षं झाली. बायको झोपल्यावर हे लिहितोय.

आतून काय होतं ते सांगतो, कारण बाहेरून ते कुणाला दिसत नाही. ती म्हणते, "मला जरा बोलायचंय." एवढंच. माझे कान गरम होतात, छातीत धडधडायला लागतं, आणि पुढची दोन-तीन वाक्यं मला नीट ऐकूच येत नाहीत. त्या क्षणी डोक्यात एकच असतं, हे थांबलं पाहिजे. आणि विनोद आपोआप तोंडातून निघतो. मी तो ठरवून करत नाही. ती हसली की छाती मोकळी होते. मी सुटलो. पुढच्या वेळी तेच, कारण मागच्या वेळी सुटलो होतो ना.

आमचे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा मी दहा वर्षांचा. संध्याकाळी आई पैशांचं काढायची, बाबा ताट सरकवायचे, आणि मी शाळेतल्या मास्तरांची नक्कल करायचो. दोघं हसायची. मला वाटायचं मी घर वाचवतोय. खरं सांगायचं तर त्या दिवसापुरतं वाचवतही होतो. पण उधारी कुणाची किती आहे हे दोघांनी एकत्र बसून कधी काढलंच नाही, आणि शेवटी गावची जमीन गेली. माझ्या नकला चालू होत्या.

मुक्ता, एक विचारू? तुम्ही हा विषय कधी काढता? कुठे?

मुक्ता_नौपाडा | बुधवार, सकाळी ८:४०

केदार, तुमचं लिहिणं गाडीत वाचलं आणि उतरायचं स्टेशन चुकलं.

कुठे काढते... बहुतेक वेळा कोपरखैरणे स्टेशनवर, निघताना. दिवसभर मनात असतं, पण दिवस छान चाललेला असतो, तो बिघडवावासा वाटत नाही. मग गाडी यायला सहा मिनिटं आहेत असं दिसलं की मी विचारते.

केदार_ऐरोली | बुधवार, सकाळी ९:०२

मग त्याला सहा मिनिटंच काढायची असतात. मी तर त्यात तीन विनोद बसवीन.

अनघा_व | बुधवार, सकाळी ९:३०

हे म्हणजे पुन्हा तिचीच चूक! चुकीच्या वेळी विचारलं, चुकीच्या स्टेशनवर विचारलं. पुरुषाला बोलतं करायला मुहूर्त काढायचा का? वर्षभरात त्याला एकदाही घरी पोचल्यावर फोन करून "तू मघाशी विचारत होतीस ते..." म्हणता आलं नाही?

केदार_ऐरोली | बुधवार, सकाळी ९:४४

अनघा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ते त्याचंच काम होतं. मी फक्त एवढंच म्हणतोय की सहा मिनिटांत मिळालेल्या उत्तरावरून चार वर्षांचा निकाल लावू नये.

ठाणेकर_७४ | बुधवार, सकाळी ११:१०

अवांतर: दिघा गावला गाडीत बसायला जागा मिळते हे कुणी सांगितलं? ठाण्याहून सुटतानाच भरलेली असते. पनवेलची असेल तर विचारूच नका.

तन्मय_घणसोली | बुधवार, सकाळी ११:२६

उलट दिशेला मिळते हो, सकाळी ठाण्याकडे येताना. अर्थात ऐरोलीला चढणाऱ्यांनी काही ठेवलं तर.

ठाणेकर_७४ | बुधवार, सकाळी ११:३१

तुम्ही कुठल्या गाडीने येता ते कळवा. मी मामलेदारची मिसळ देईन.

बाळकुमचे_काका | गुरुवार, रात्री ९:२०

मला एक कबूल करायचंय. हा धागा मी हिला रोज वाचून दाखवतो. केदारचं वाचल्यावर ही गप्प बसली. मग म्हणाली, "मी तुम्हाला इच्छापत्र करा म्हणून किती वर्षं सांगतेय? आणि तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणतो, "मी इतक्यात जात नाही, तुला माझी एवढी घाई का?" आठ-नऊ वर्षं हेच म्हणतोय. ती हसते आणि पोळ्या करायला जाते. मला वाटायचं विषय संपला. काल म्हणाली, दरवेळी ओट्याशी उभं राहून तिला वाटतं की ह्यांना काही झालं तर घरावरून पोरं भांडतील आणि मला कुणी विचारणारही नाही. हे ती मला चौतीस वर्षांत पहिल्यांदा बोलली.

मला मरणाचं नाव काढायची भीती वाटते, एवढं साधं आहे. माझे वडील इच्छापत्र केल्यावर महिन्याभरात गेले. ते डोक्यात बसलंय. सोसायटीत नॉमिनेशन केलेलं आहे, त्यावर भागेल असं मी मनाला समजावत होतो. ते वेगळं आणि इच्छापत्र वेगळं, हे मलाही माहीत आहे. मुक्ता, सोमवारी लिहिलेलं मागे घेतो.

अनघा_व | गुरुवार, रात्री ९:३५

काका, काकूंना नमस्कार सांगा. आणि वकिलांची वेळ घ्या.

*(तीन आठवड्यांनी)*

मुक्ता_नौपाडा | रविवार, दुपारी १२:१५

वसुधाताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. फोनमध्ये लिहीत गेले. एकूण आठ वेळा विनोद झाला. त्यात तीन वेळा विषय पैशांचा होता, दोन वेळा लग्नाच्या तारखेचा आणि तीन वेळा आईचा.

पैशांवर तो तिन्ही वेळा परत आला, एकदा तर रात्री साडेबाराला मेसेज करून, डाऊन पेमेंटचा हिशेब मांडून. तारखेवर एकदा आला. आईच्या विषयावर एकदाही नाही. तिन्ही वेळा विनोद झाल्यावर त्याने लगेच काहीतरी खायला मागवलं. हे लिहून काढेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

म्हणजे तो सगळंच टाळतो असं मी वर्षभर धरून चालले होते, ते खरं नाही. तो एकच गोष्ट टाळतोय.

वसुधा_नेरूळ | रविवार, दुपारी १:४०

मग त्या एका गोष्टीत काहीतरी आहे, जे त्याला माहीत आहे आणि तुम्हाला नाही. आईबद्दल त्याला आकस आहे, असाच याचा अर्थ होत नाही. सानपाड्याच्या त्या जोडप्यातही त्याचा बायकोवर राग नव्हता.

आता विचारायचं, पण स्टेशनवर नको. आदल्या दिवशी सांगा की उद्या मला आईबद्दल एक प्रश्न विचारायचाय, तासभर लागेल. अचानक पकडलं की केदारने सांगितलं तसं शरीरच आधी घाबरतं. चालताना विचारा. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलण्यापेक्षा बरोबरीने चालताना काही लोकांना बोलणं सोपं जातं. प्रश्न एकच, आणि तो हो-नाहीत उत्तर देता येईल असा. "आईचं काय करायचं?" हा प्रश्न नव्हे, तो डोंगर आहे. कुणीही त्याच्यापुढे विनोदच करील.

तरी विनोद होईल. हसू आलं तर हसा, दाबू नका. पण हसून झाल्यावर गप्प राहा. सगळ्यात अवघड हेच आहे. आपल्याला ती शांतता सहन होत नाही आणि आपणच त्याला सोडवतो. तो फारच घाबराघुबरा दिसला तर थांबा, निदान वीस मिनिटं. धडधड खाली यायला तेवढा वेळ लागतोच. पण थांबताना परत कधी बोलायचं ते ठरवूनच थांबा. ते ठरवलं नाही तर ते थांबणं म्हणजे आणखी एक विनोद.

रानजाई | रविवार, दुपारी २:०५

आणि इतकं करूनही नाही बोलला तर?

वसुधा_नेरूळ | रविवार, दुपारी २:२०

तर तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलंत ते खरं ठरेल. वेळ दिली, जागा दिली, साधा प्रश्न दिला, तरी उत्तर नाही, तर ते उत्तरच आहे. फक्त आज ते म्हणता येत नाही, कारण आजवर ही संधी त्याला मिळालेली नाही.

मुक्ता_नौपाडा | पुढचा रविवार, रात्री ११:३०

झालं बोलणं. शनिवारी संध्याकाळी वाशीला सागर विहारला गेलो होतो. आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यावर त्याने "अभ्यासक्रम कुठून कुठपर्यंत आहे?" असं विचारलं होतं, म्हणजे एक विनोद तिथेच झाला.

मी विचारलं, "आई आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहील, हे तुला मान्य आहे का?" तो म्हणाला, "कुणाच्या चालीने? त्यांच्या गुडघ्याने की माझ्या?" मला हसू आलं, हसले. मग गप्प राहिले. तो खाडीकडे बघत म्हणाला, इथे फ्लेमिंगो आले की आपण यायला हवं होतं. मी काही बोलले नाही. आम्ही बराच वेळ चालत राहिलो. मला इतकं वाईट वाटत होतं की दोनदा तोंडापर्यंत आलं, "जाऊ दे, चहा घेऊ." आवरलं.

मग तो एकदम बोलला. त्याचा मोठा भाऊ जर्मनीत आहे, तो परत येणार नाही. दोन वर्षांपूर्वी आईने त्याला विचारलं होतं, लग्नानंतर तू तरी इथेच राहशील ना. त्याने हो म्हटलं. आणि पुढे असंही म्हटलं की मुक्ताशी बोलणं झालंय, ती तयार आहे.

माझ्याशी बोलणं झालंच नव्हतं. त्याच्या घरी दोन वर्षं सगळे धरून चाललेत की मी कोपरखैरण्याला राहायला येणार आणि माझी आई ठाण्यातच राहणार. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "तू विचारलंस की मला दोघी एकदम डोळ्यांसमोर यायच्या. एकीला तरी खोटं सांगितलंय हे तिथेच उघडं पडलं असतं."

तो रडला. मी नाही रडले. मला राग आला होता, अजून आहे.

रानजाई | सोमवार, सकाळी ६:५०

तुझ्या नावाने परस्पर शब्द दिला आणि दोन वर्षं हसवत ठेवलं. याला मी टाळाटाळ म्हणणार नाही, ही फसवणूक आहे.

केदार_ऐरोली | सोमवार, सकाळी ९:१५

फसवणूक आहे, नाही म्हणत नाही. पण आईने विचारलं तेव्हाही त्याने तेच केलं असणार, त्या क्षणापुरती सुटका. तिथे विनोदाऐवजी 'हो' निघालं. मी अशी बरीच 'हो' वाटलेली आहेत. त्याने त्याचा गुन्हा कमी होत नाही, पण पुढे काय करायचं ते ठरवायला हा फरक उपयोगी पडतो. तो मुक्ताच्या आईला नको म्हणत नाहीये. त्याला कुणालाच 'नाही' म्हणता येत नाहीये.

रानजाई | सोमवार, सकाळी ९:४०

आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याबरोबर संसार करणाऱ्या बाईला रोज दुसऱ्या कुणाचं तरी 'हो' निभवावं लागतं. मी निभावलंय. आपलं एकमत होणार नाही केदार, पण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिता हे मान्य आहे.

तन्मय_घणसोली | सोमवार, सकाळी १०:३०

मी म्हटलं होतं की अशी माणसं बदलत नाहीत. तो बोलला, म्हणजे तेवढं माझं चुकलं. पण मुळात भीती आहे हे तरी बरोबर होतं ना?

वसुधा_नेरूळ | सोमवार, दुपारी १२:००

होतं तन्मय. भीती होती, पण ती मुक्ताची नव्हती.

मुक्ता, एक गोष्ट सांभाळा. त्याच्या आईला हे सांगायचं काम त्याचंच आहे आणि त्याने ते एकट्याने, तुम्ही समोर नसताना करायला हवं. "आपण दोघं मिळून सांगू" असं तो म्हणेल. त्याला हो म्हणू नका. तुम्ही शेजारी बसलात की शब्द मोडल्याचा दोष तुमच्याकडे येतो आणि तो लग्नानंतरही तुमच्याकडेच राहतो. त्याला एक दिवस ठरवायला सांगा. एवढं त्याला जमतं का, ते बघून मगच घराचं बोला.

बाळकुमचे_काका | सोमवार, रात्री ८:१०

वकिलांकडे जाऊन आलो. ही बरोबर होती. साक्षीदार दोघे लागतात, ते शेजारचे झाले. सही करताना हात थरथरला, पण केली. मुक्ता, तुझ्या आईला लिफ्ट असलेल्या इमारतीत घर बघा, बाकी काहीही ठरो. बाळकुमला आमच्या शेजारच्या इमारतीत एक वन बीएचके भाड्याने आहे, हवं तर सांग.

मुक्ता_नौपाडा | बारा दिवसांनी, शनिवार, रात्री १०:२०

काका, घराबद्दल आईला सांगितलं. बघायला येऊ.

त्याने गेल्या रविवारी घरी सांगितलं, एकट्याने. सुरुवातीला ताईंनी लिहिलं तसंच म्हणाला होता, की तूही ये ना. मी नाही म्हटलं. त्याची आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला, पण अजून माझा फोन घेत नाही. पुढच्या शनिवारी मी त्यांना भेटायला जाणार आहे. त्यांनाही दोन वर्षं खोटंच सांगितलं गेलं होतं. हे मला आधी सुचलंच नव्हतं, मी फक्त माझाच राग धरून बसले होते.

लग्नाची तारीख ठरलेली नाही. ठरवायची की नाही, तेही मी अजून त्याला सांगितलेलं नाही. मेट्रोच्या विनोदाने मला काय वाटलं होतं ते मात्र सांगितलं. तो गप्प झाला, म्हणाला, "मला वाटलं तू हसलीस."

काल तो आमच्याकडे आला होता. आईने विचारलं, घरी कसं आहे. तो म्हणाला, "आई रागावलीय. चूक माझी होती." आणि पुढे काही जोडलं नाही. निघताना मी खालपर्यंत गेले. फाटकाशी आल्यावर म्हणाला, "पायऱ्या अडतीस आहेत, येताना मोजल्या. काकू दिवसातून किती वेळा चढतात?"

मी सांगितलं, दोनदा. दूध आणायला आणि संध्याकाळी देवळात जायला.